तीन जूनची मेणबत्ती लाल का?

आत्याने स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: "सोमवारी बाजार सव्वातीन टक्के वर गेला होता ना रे? मग त्याची मेणबत्ती लाल कशी?"

आत्या सांगलीत असते. निवृत्तीनंतर तिने डीमॅट खातं उघडलं आणि आता चार्ट बघायला शिकते आहे. स्क्रीनशॉट निफ्टीचा होता, जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यातला. एक मेणबत्ती म्हणजे एक दिवस. ३ जूनला वरच्या बाजूला एक बुटकी लाल मेणबत्ती, ४ जूनला पार खालपर्यंत गेलेली लांबलचक लाल, आणि ५ जूनला मध्यम उंचीची हिरवी. तळाशी एकमेकांना चिकटून उभे असलेले लाल-हिरवे खांब. लोकसभेच्या निकालाचा तो आठवडा. शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले होते, सोमवारी बाजार उसळला होता आणि वर्तमानपत्रांनी त्याचे मथळे केले होते. आत्याची आठवण बरोबर होती, चार्टही बरोबर होता. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते, एवढंच.

मेणबत्ती, म्हणजे बाजारातल्या लोकांच्या तोंडची कॅन्डल, फक्त चार आकडे सांगते. ठरावीक वेळेतला पहिला भाव, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा. जाड भागाला बॉडी म्हणतात. तो पहिल्या आणि शेवटच्या भावामधलं अंतर दाखवतो. बॉडीच्या वर आणि खाली बारीक रेघा असतात, त्या विक. मराठीत सरळ वात म्हणता येईल, फक्त ही मेणबत्ती दोन्ही टोकांना वात असलेली. वरच्या वातीचं टोक म्हणजे त्या वेळेतला सर्वांत चढा भाव, खालच्या वातीचं टोक म्हणजे सर्वांत उतरलेला. शेवटचा भाव पहिल्यापेक्षा वर असेल तर बॉडी हिरवी, खाली असेल तर लाल. या रंगाच्या हिशेबात कालच्या दिवसाचा कुठेच संबंध येत नाही.

आता ३ जून घेऊ. त्याआधीचा कामकाजाचा दिवस शुक्रवार, ३१ मे. त्या दिवशी निफ्टी २२,५३०.७० वर बंद झाला होता. सोमवारी तो उघडलाच २३,३३७.९० वर, म्हणजे पहिला सौदा व्हायच्या क्षणीच आठशे अंकांहून वर. हे गौडबंगाल नाही. सकाळी सव्वानऊला नियमित व्यवहार सुरू व्हायच्या आधी, नऊपासून, प्री-ओपन नावाचं एक छोटं सत्र असतं. त्यात लोक आपापल्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी टाकतात आणि जास्तीत जास्त शेअर ज्या एका भावाला जुळतील तो भाव त्या शेअरचा उघडण्याचा भाव ठरतो. शनिवार-रविवारभर मनात साचलेला सगळा उत्साह त्या काही मिनिटांत बाहेर पडला आणि बाजार वरच्या पायरीवरूनच सुरू झाला.

दिवसभरात मात्र तो तिथून फारसा वर गेला नाही. सर्वांत वरचा आकडा २३,३३८.७०, म्हणजे उघडला त्याच्यापेक्षा जेमतेम पाऊण अंक वर. खाली तो २३,०६२.३० पर्यंत घसरला आणि बंद झाला २३,२६३.९० वर. शुक्रवारशी तुलना केली तर ७३३ अंकांची वाढ, मथळ्याला साजेशी. सकाळच्या उघडण्याशी तुलना केली तर ७४ अंकांची घट. मेणबत्तीला फक्त दुसरी तुलना करता येते, म्हणून ती लाल. मग मथळ्यातले ते ७३३ अंक चार्टवर कुठे गेले? ते शुक्रवारच्या मेणबत्तीच्या वर राहिलेल्या मोकळ्या जागेत आहेत. तिला गॅप म्हणतात. त्या दिवसाची सगळ्यात मोठी बातमी चार्टवर कोऱ्या जागेने सांगितली आहे, आणि नवा माणूस नेमकी तीच जागा सोडून रंगाकडे बघतो.

(काही अ‍ॅपमध्ये रंग कालच्या बंद भावाशी ताडून देण्याची सोय असते. ती चालू असेल तर हीच ३ जूनची मेणबत्ती हिरवी दिसेल. तेव्हा दुसऱ्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट आपल्या फोनशी जुळला नाही तर आधी सेटिंग बघावं. शिवाय चीनमध्ये आणि जपानमध्ये लाल म्हणजे चढ असा रिवाज आहे, तिथला चार्ट आपल्या डोळ्यांनी वाचला तर सगळंच उलटं कळेल.)

४ जूनची मेणबत्ती वाचायला सोपी, बघायला भीषण. मतमोजणीचा दिवस. भाजपला २४० जागांवर थांबावं लागलं, एक्झिट पोलने रंगवलेलं चित्र सकाळपासून विरत गेलं. निफ्टी उघडला २३,१७९.५० वर, आणि दिवसाचा सर्वांत वरचा आकडाही तोच. म्हणून या मेणबत्तीला वरची वात नाही. सपाट डोकं आहे. अशी बिनवातीची मेणबत्ती दिसली की उघडल्यापासून एकदाही भाव वर गेला नाही हे खात्रीने सांगता येतं. सर्वांत खालचा आकडा २१,२८१.४५ आणि बंद २१,८८४.५०. म्हणजे बॉडी १,२९५ अंकांची आणि तिच्याखाली सहाशे अंकांची वात. ही खालची वात काय नोंदवते? बाजार तळाला २१,२८१ पर्यंत गेला होता, पण तिथे टिकला नाही. कोणीतरी तिथे खरेदी केली, भाव सहाशे अंक वर आला, मग बाजार बंद झाला. नुसता बंद भाव सांगणाऱ्या रेघेच्या चार्टवर हे सहाशे अंक दिसलेच नसते. ज्याने दुपारच्या घबराटीत तळाजवळ विकून टाकलं, त्याचा दिवस त्या वातीत आहे.

'बंद भाव' या शब्दाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. साडेतीनला स्क्रीनवर जो शेवटचा आकडा चमकला तोच बंद भाव, असं आपण धरून चालतो. त्या दिवसांत पद्धत अशी होती की शेअरचा अधिकृत बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या, तीन ते साडेतीनमधल्या, सौद्यांची सरासरी. त्यातही जास्त शेअरांच्या सौद्याला जास्त वजन. शेवटच्या सेकंदाला एखादा विचित्र सौदा घालून कोणी बंद भाव फिरवू नये म्हणून ही योजना. यामुळे पाच मिनिटांच्या चार्टवरची दिवसातली शेवटची मेणबत्ती एका आकड्यावर संपलेली दिसते आणि रोजच्या चार्टवरची मेणबत्ती थोड्या वेगळ्या आकड्यावर. आत्यासारखी काटेकोर माणसं हे बघून अ‍ॅपला शिव्या देतात.

५ जूनची हिरवी मेणबत्ती आता तुम्हीच वाचून बघा. उघडला २२,१२८.३५, खाली २१,७९१.९५, वर २२,६७०.४०, बंद २२,६२०.३५. बॉडी ४९२ अंकांची, खाली लांब वात, वर अगदी तोकडी. बाजार दिवसाच्या शिखराजवळ बंद झाला. पण 'आधी पडला आणि मग चढला' असं कोणी या मेणबत्तीकडे बघून सांगितलं तर ते त्याने आपल्या पदरचं घातलेलं असतं. चार आकड्यांपैकी पहिला आणि शेवटचा कधीचे ते आपल्याला ठाऊक असतं. शिखर आणि तळ यांतलं आधी कोणतं आलं ते मेणबत्ती सांगत नाही. ते हवं असेल तर त्याच दिवसाचा पंधरा मिनिटांचा चार्ट उघडावा लागतो, जिथे सव्वानऊ ते साडेतीन या ३७५ मिनिटांच्या पंचवीस मेणबत्त्या होतात.

मेणबत्त्यांची ही रीत जपानची. ओसाकातल्या दोजिमा इथे तांदळाचा मोठा बाजार भरत असे, त्याला तिथल्या सत्तेने १७३० मध्ये अधिकृत मान्यता दिली. साकाता गावचा होन्मा मुनेहिसा नावाचा तांदळाचा व्यापारी या चित्रांचा जनक म्हणून सांगितला जातो, पण त्यात दंतकथेचा वाटा मोठा आहे. इंग्रजी जगात ही पद्धत रुळली ती स्टीव्ह निसन यांच्या १९९१ च्या पुस्तकानंतर. बाजारातल्या लोकांनी त्या आकारांना हातोडा, फाशी दिलेला माणूस अशी नावं देऊन त्यांवरून भविष्य सांगायचा धंदाही उभा केला. त्या वाटेला मी आत्याला जाऊ दिलं नाही. आधी नोंद वाचता यावी.

आता तळाचे खांब. आत्याला वाटत होतं, हिरवा खांब म्हणजे खरेदी झाली आणि लाल खांब म्हणजे विक्री. हा गैरसमज जवळजवळ प्रत्येकाचा असतो, आणि तो दूर झाल्याशिवाय खांबांकडे बघण्यात अर्थ नाही. प्रत्येक सौद्यात एक घेणारा असतो आणि एक देणारा. शंभर शेअर विकले गेले म्हणजे शंभर शेअर विकत घेतले गेले, आणि खांबात ते शंभर असेच, एकदाच, मोजले जातात. हा खांब म्हणजे व्हॉल्यूम: तेवढ्या वेळात किती शेअर हातांतून हातांत गेले. त्याचा रंग साधारणपणे वरच्या मेणबत्तीचा उसना घेतलेला असतो, डोळ्याला सोय म्हणून.

निफ्टीखालचे खांब तर आणखी फसवे. निफ्टी हा निर्देशांक आहे, त्याचा म्हणून शेअर नाही, मग त्याचा व्हॉल्यूम कुठून येणार? तिथे दिसते ती त्यातल्या पन्नास कंपन्यांच्या शेअरांची बेरीज, ज्यात दीडशे रुपयांचा शेअर आणि दहा हजारांचा शेअर सारख्याच मापाने मोजलेला असतो. खांब शिकायचे तर एकाच कंपनीच्या शेअरवर शिकावे.

मी आत्याला कागदावर एक खोटा शेअर करून दिला. सकाळी सव्वानऊ ते नऊ वीस ही पाच मिनिटं. पहिला सौदा २०० शेअरांचा, ४५० रुपयांना. मग ५० शेअर ४५२ ला. मग १,००० शेअर ४४८.५० ला. मग ३०० शेअर ४४७ ला. शेवटी ४५० शेअर ४४९ ला. सौदे संपले. मेणबत्ती कशी निघेल? उघडला ४५०, वर ४५२, खाली ४४७, बंद ४४९. एक रुपयाची लाल बॉडी, वर दोन रुपयांची वात, खालीही दोन रुपयांची. खांब २,००० शेअरांचा, लाल.

आत्याने कागद बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "अरे, पण शेवटचे साडेचारशे तर वाढत्या भावाने गेले. ४४७ वरून ४४९. तेही लाल खांबातच?"

तेही लाल खांबातच. चढत्या भावाचे, उतरत्या भावाचे, सगळे सौदे एका टोपलीत पडतात आणि टोपलीला शेवटी एक रंग मिळतो. दुसरी गोष्ट तिने नाही, मी दाखवली. वरच्या वातीचं टोक ४५२ वर आहे, पण तिथे सौदा झाला फक्त पन्नास शेअरांचा. बॉडीच्या मधोमध ४४८.५० ला हजार शेअर गेले नाहीत, तर बॉडीच्या जरा खाली गेले, वातीच्या बारीक रेघेवर. म्हणजे पाच मिनिटांतली निम्मी उलाढाल मेणबत्तीच्या बारीक भागात झाली. बॉडी जाड आहे म्हणून तिथे जास्त माल फिरला असं नाही. कोणत्या भावाला किती शेअर गेले हे मेणबत्तीलाही ठाऊक नाही आणि खांबालाही नाही. हे शेअर कोणी घरी नेले आणि कोणी दुपारपर्यंत परत विकून टाकले, तेही खांबात नाही; डिलिव्हरीचा आकडा एक्स्चेंज वेगळा जाहीर करतं.

मग खांबाचा उपयोग काय? तो मेणबत्तीमागे किती वजन आहे ते सांगतो. चार टक्के चढलेल्या मेणबत्तीखाली नेहमीच्या तिप्पट खांब असेल तर त्या नव्या भावाला पुष्कळ शेअर हात बदलून गेले. खांब नेहमीच्या निम्मा असेल तर मोजक्या सौद्यांनी भाव तिथे नेला. हा 'नेहमीचा' आकडा त्याच शेअरच्या मागच्या वीसेक खांबांवरून काढायचा, दुसऱ्या कंपनीच्या नाही. आणि एकट्या उंच खांबाने हुरळून जाऊ नये: दोन मोठ्या संस्थांनी आपसात ठरवून केलेला एकच मोठा सौदाही खांबाला शेजाऱ्यांच्या डोक्यावर नेऊन ठेवतो.

बुटका खांब म्हणजे कुणाला रस नाही, हेही नेहमी खरं नसतं. एखाद्या छोट्या कंपनीबद्दल मोठी चांगली बातमी येते, शेअर उघडतानाच दिवसाच्या वरच्या मर्यादेला जाऊन टेकतो आणि दिवसभर तिथेच राहतो. बाजाराच्या भाषेत अपर सर्किट लागलं. पहिला, वरचा, खालचा, शेवटचा भाव, चारही एकच. मेणबत्तीला ना बॉडी ना वात. नुसती एक आडवी रेघ उरते. खाली खांब नखाएवढा. घ्यायला लाखोंची रांग उभी असते, विकायला कोणी तयार नसतं, म्हणून सौदेच होत नाहीत. रांगेत उभ्या राहून हात हलवत परतलेल्यांची नोंद चार्टवर नसते. खांब फक्त झालेले सौदे मोजतो.

दिवाळीतल्या मुहूर्ताच्या सौद्यांचा खांबही असाच ठेंगणा दिसतो, पण कारण साधं आहे: ते सत्र तासाभराचं असतं, शेजारचे खांब सव्वासहा तासांचे. हाच घोटाळा तासाच्या चार्टवर रोज होतो. सव्वानऊपासून तास मोजत गेलं की सहा पूर्ण तास होतात आणि शेवटी सव्वातीन ते साडेतीन एवढा पंधरा मिनिटांचा तुकडा उरतो. त्या तुकड्याचा खांब आखूड दिसला की नवखा माणूस म्हणतो, शेवटी बाजार थंडावला. वास्तविक पंधरा मिनिटांच्या मानाने ती बहुधा दिवसातल्या गर्दीच्या वेळांपैकी एक असते. आणि सकाळी अकराला काढलेल्या रोजच्या चार्टच्या स्क्रीनशॉटमध्ये उजवीकडची शेवटची मेणबत्ती अजून शिजत असते. तिचा रंगही दुपारपर्यंत पालटू शकतो. म्हणून स्क्रीनशॉट आला की मी आधी कोपऱ्यातलं नाव, टाइमफ्रेम आणि काढल्याची वेळ शोधतो. ते कापून टाकलेलं असेल तर पुढे वाचत नाही.

उजवीकडची पट्टीही बघायची. खांब शून्यापासून उभे असतात, त्यामुळे दुप्पट उंच खांब म्हणजे खरोखर दुप्पट शेअर. मेणबत्त्या शून्यापासून नसतात. पडद्यावर जेवढे दिवस आहेत त्यांतला तळ खाली आणि शिखर वर ओढून चार्ट भरलेला असतो. एखाद्या शांत आठवड्यात एक टक्क्याची हालचालही वरपासून खालपर्यंत कोसळल्यासारखी दिसू शकते, आणि ४ जूनची ती सहा टक्क्यांची पडझड पाच वर्षांच्या चार्टवर एक बारीक लाल काडी होऊन बसते.

हे सगळं झाल्यावर आत्याने दुसरा स्क्रीनशॉट पाठवला. तिने जून-जुलै २०२४ मध्ये रिलायन्सचे थोडे शेअर ३,१०० रुपयांना घेतले होते, कागदावर भाव लिहून ठेवला होता. आता चार्ट मागे सरकवून बघते तर तेव्हाच्या मेणबत्त्या दीड हजाराच्या आसपास. ३,१०० हा आकडाच कुठे नाही. "मी मग कोणाकडून घेतले?"

रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस शेअर दिला. एकाचे दोन झाले, भाव निम्मा झाला. चार्टवाल्यांनी तसंच ठेवलं असतं तर २८ ऑक्टोबरला शेअर एका दिवसात अर्ध्यावर कोसळल्याची एक खोटी दरी दिसली असती. म्हणून त्याआधीच्या सगळ्या मेणबत्त्यांचे भाव दोनने भागलेले आणि खांबांतले शेअर दोनने गुणलेले असतात. आत्याचे ३,१०० चार्टवर १,५५० झाले आहेत.

तिने वहीतल्या भावासमोर कंसात १,५५० लिहिलं. शेअरांच्या संख्येसमोरही दुप्पट आकडा लिहिला आणि त्याचा फोटो काढून मला पाठवला.